पाचशे की हजार?

सावद्यावर पुस्तक काढायचे म्हटले तर विषयाला तोटा नाही. १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावदा हा तालुका म्हणून नोंदलेला आहे. आज तेच गाव रावेर तालुक्यात मोडते. शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. केळीच्या व्यापाराचा, वॅगनींचा आणि ट्रकांचा इतिहास तर या पट्ट्यात घरोघरी सांगितला जातो. एखादे मंडळ, शाळेचे माजी विद्यार्थी किंवा वाचनालयाचे कार्यकर्ते हे सगळे एकत्र करून दीडशे-पावणेदोनशे पानांचे पुस्तक तयार करतात आणि जळगावच्या किंवा भुसावळच्या छापखान्याकडून कोटेशन मागवतात. त्या कोटेशनमध्ये बहुधा दोन ओळी असतात, पाचशे प्रतींचा दर आणि हजार प्रतींचा दर. या प्रकरणाचा विषय त्या दोन ओळी हाच आहे. कागद, मांडणी, वितरण, विक्री या सगळ्यांचे हिशेब शेवटी प्रतींच्या आकड्यापाशी येतात. हा आकडा छापखान्याच्या दरावरून ठरवू नये, पैसे देऊन घेणाऱ्या वाचकांच्या मोजणीवरून ठरवावा, असे माझे म्हणणे आहे.

हिशेबासाठी एक पुस्तक धरू. पाने १६०, आकार डेमी वन-एट म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आत एकरंगी छपाई, मुखपृष्ठ चाररंगी, पुठ्ठ्याऐवजी जाड आर्ट कार्डाचे आवरण आणि डिंकाने चिकटवलेली परफेक्ट बाइंडिंग. पुढचे रुपयांचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. पण त्या आकड्यांचे एकमेकांशी असलेले नाते फारसे बदलत नाही, आणि समजून घ्यायचे आहे ते नातेच.

पानांची संख्या आधी ठरते ती फर्म्यामुळे. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून १६० पानांचे दहा फर्मे. मजकूर १६४ पानांवर गेला, तर त्या चार पानांसाठी निराळी प्लेट, निराळी छपाई आणि बाइंडिंगमध्ये निराळा तुकडा येतो. तेव्हा चार पानांचा मजकूर कापणे किंवा ओळींमधले अंतर किंचित कमी करणे हे मांडणी करणाऱ्याचे काम आहे, आणि ते छापखान्यात जाण्यापूर्वी झाले पाहिजे. कागद २३ बाय ३६ इंचाचा घेतला तर एका तावात दोन्ही बाजू मिळून ३२ पाने बसतात, म्हणजे एका प्रतीला पाच ताव. हजार प्रतींना पाच हजार ताव, म्हणजे दहा रीम. त्यात प्लेट जुळवताना आणि शाई बसेपर्यंत वाया जाणारे ताव मिळवायचे. प्रत्येक तावामागे पन्नास धरले तर अडीचशे, म्हणजे अर्धा रीम. हा अर्धा रीम पाचशे प्रतींनाही जवळजवळ तेवढाच लागतो, कारण मशीन जुळवण्याचे काम पाचशेलाही तेच आणि हजारालाही तेच.

कागद सत्तर जीएसएमचा ठरला असेल तर २३ बाय ३६ च्या एका रीमचे वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरले पाहिजे. हे वजन वाचकाने लक्षात ठेवावे, कारण कागदात फसगत होते ती इथेच. सत्तरच्या जागी साठचा कागद वापरला तर रीम सोळा किलोच्या आसपास भरतो. छापून आल्यावर पान बोटांत धरून हा फरक सहज कळत नाही. मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसू लागली की कळतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. बंद रीम काट्यावर ठेवायला पाच मिनिटे पुरतात. तावाच्या तंतूंची दिशा हीसुद्धा तपासण्याची गोष्ट आहे. कागदातले तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर असले पाहिजेत. ते आडवे गेले तर पुस्तक उघडल्यावर पाने ताठ उभी राहतात, आणि पावसाळ्यात कण्याजवळ लाटा पडतात. तावाचा एक तुकडा उभा आणि एक आडवा फाडून पाहिला की दिशा कळते; तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, उलट दिशेने वेडावाकडा.

आता खर्च. टंकलेखन, दोन वेळचे मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ आणि जुन्या फोटोंचे स्कॅनिंग मिळून सतरा हजार रुपये धरू. ही रक्कम एक प्रत छापली तरी लागते आणि दहा हजार छापल्या तरी तेवढीच लागते. तिच्यात काटकसर करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, आणि तो सर्वांत महाग पडतो. मजकूर जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतो, तो युनिकोडमध्ये बदलताना रफार सरकतात, जोडाक्षरे तुटतात, ‘र्‍य’ आणि ‘र्य’ यांची गल्लत होते. पडद्यावर हे सुटून जाते. कागदावर काढलेल्या प्रुफावर, मजकूर न लिहिलेल्या माणसाने वाचले तरच ते सापडते. त्यामुळे तीन-चार हजारांचे मुद्रितशोधन वाचवणे म्हणजे चुका हजार प्रतींत पसरवणे होय.

छपाईचे म्हणाल तर दहा प्लेटा आणि त्यांची छपाई मिळून अकरा हजार. छापखाने बहुधा किमान हजार इंप्रेशनचा दर लावतात, म्हणून पाचशे प्रतींनाही हेच अकरा हजार. कागद शंभर रुपये किलोने धरला तर पाचशे प्रतींना दहा हजार तीनशे, हजाराला एकोणीस हजार सहाशे. मुखपृष्ठ लॅमिनेशनसह साडेपाच हजार आणि आठ हजार. बाइंडिंग पाच हजार आणि दहा हजार. छापखान्यातून सावद्यापर्यंतची वाहतूक बाराशे आणि एकोणीसशे. बेरीज केली तर पाचशे प्रतींचे पन्नास हजार होतात, हजार प्रतींचे साडेसदुसष्ट हजार.

एका प्रतीचा खर्च पाचशेच्या ओळीत शंभर रुपये, हजाराच्या ओळीत साडेसदुसष्ट रुपये. मंडळाच्या बैठकीत हा फरक वाचून दाखवला की निर्णय तिथेच होतो. वरच्या पाचशे प्रती तर फक्त पस्तीस रुपयांना पडतात! इतक्या स्वस्तात मिळत असताना कमी का छापायच्या? हा युक्तिवाद चुकतो, कारण त्यात खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागलेले असते. छापलेली प्रत पैसे परत आणत नाही, विकलेली प्रत आणते. हजार छापून चारशे विकल्या तर एका विकलेल्या प्रतीचा खर्च जवळजवळ एकशे एकोणसत्तर रुपये होतो. पाचशे छापून त्याच चारशे विकल्या तर तो सव्वाशे राहतो. स्वस्त दिसलेली ओळच महाग निघाली.

मग विकल्या किती जातील? किंमत अडीचशे रुपये ठेवली आहे असे धरू. आवृत्तीतल्या पन्नास प्रती आधीच बाजूला काढाव्या लागतात. लेखकांना, फोटो आणि कागदपत्रे देणाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना परिचयासाठी प्रती जातात. १९५४ च्या पुस्तके जमा करण्याच्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालये अशा चार ठिकाणीही प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. उरलेल्या साडेचारशेंपैकी जी प्रत समारंभात किंवा घरपोच थेट विकली जाते ती वीस टक्के सवलतीने दोनशे रुपये आणते. दुकानदाराला किंवा विक्रेत्याला चाळीस टक्के द्यावे लागतात, त्यातून पाठवणीचा खर्च गेला की हाती येतात एकशे पस्तीसच्या आसपास. तेही बहुधा जांगड मालाचे, म्हणजे विकले गेल्यावर आणि मागणी केल्यावर. थेट विक्रीत पाचशेच्या आवृत्तीचे पैसे अडीचशे प्रतींत निघतात, दुकानातून तीनशे सत्तर प्रती लागतात. म्हणून दुकानापेक्षा स्वतःच्या हाताने होणारी विक्री अशा पुस्तकाचा कणा असते. शहरातल्या प्रकाशकाला दुकानाशिवाय गत्यंतर नसते, पण गावच्या पुस्तकाचा वाचक कुठे राहतो हे मंडळाला ठाऊक असते, आणि हाच त्याचा मोठा फायदा आहे.

समजा थेट तीनशे प्रती गेल्या आणि दुकानांतून शंभर. जमा झाले साडेत्र्याहत्तर हजार. पाचशे छापल्या असत्या तर साडेतेवीस हजार शिल्लक आणि पन्नास प्रती हाताशी. हजार छापल्या असत्या तर सहा हजार शिल्लक आणि साडेपाचशे प्रती कोणाच्या तरी माळ्यावर. सावद्याच्या उन्हाळ्यात डिंकाची बाइंडिंग वाळून तडकते, पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांना ओल आणि वाळवी लागते. दोन वर्षांनी त्या प्रती वाटून टाकाव्या लागतात, आणि एकदा फुकट मिळू लागलेले पुस्तक विकत कोणी घेत नाही.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा की पुस्तक खरेच गाजले तर काय? पाचशे संपल्या आणि मागणी उरली तर पुन्हा छापणे महाग पडेल. हा आक्षेप आकड्यांत तपासता येतो. दुसऱ्यांदा पाचशे छापताना टंकलेखन, मुद्रितशोधन, मांडणीचे सतरा हजार पुन्हा लागत नाहीत; तेहतीस हजारांत काम होते. म्हणजे पाचशे-पाचशे करून हजार प्रतींना त्र्याऐंशी हजार लागतात, एकदम छापल्या तर साडेसदुसष्ट. सावधपणाची किंमत साडेपंधरा हजार. उलट बाजूला, मागणी नसताना छापलेल्या वरच्या पाचशेंची किंमत साडेसतरा हजार. दोन्ही नुकसाने जवळजवळ सारखी आहेत. याचा अर्थ असा की दुसऱ्या पाचशे विकल्या जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे असे पुराव्याने म्हणता आले, तरच एकदम हजार छापणे शहाणपणाचे ठरते. शिवाय हा हिशेब वरच्या पाचशेही सगळ्या खपतील असे धरून केला आहे. त्यातल्या दीड-दोनशेच खपणार असतील तर पारडे आणखी पाचशेकडे झुकते. आणि दुसऱ्या आवृत्तीत चुका दुरुस्त करता येतात. स्थानिक इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पहिली आवृत्ती वाचूनच लोक जुने कागद, फोटो आणि हरकती घेऊन येतात.

दुसरा आक्षेप डिजिटल छपाईचा. पन्नास-शंभर प्रतीसुद्धा छापून मिळतात, मग पाचशे तरी का? डिजिटलमध्ये प्लेट नाही, जुळवणीचा कागद वाया जात नाही, म्हणून सुरुवातीचा खर्च कमी असतो. पण पानामागचा दर प्रती वाढल्या तरी फारसा उतरत नाही. शंभर-दीडशे प्रतींपर्यंत ते सोयीचे आहे, संपलेल्या आवृत्तीच्या तुरळक मागणीसाठी तर उत्तमच. पण तीनशेच्या पुढे वाचक आहेत अशी खात्री असेल तर ऑफसेटच परवडते. जुने फोटो हा पुस्तकाचा मोठा भाग असेल तर छापण्यापूर्वी त्या यंत्रावरचे एक नमुना पान मागावे आणि फोटोतल्या काळ्या भागात तपशील उरतो का ते उजेडात पाहावे.

तिसरा आक्षेप या भागात सर्वांत जास्त ऐकू येतो: जाहिराती घेऊ, खर्च आधीच निघेल. केळीचे व्यापारी, पतसंस्था, खत-बियाण्यांची दुकाने, डॉक्टर यांच्या शुभेच्छांवर स्मरणिका निघतात, दिवाळी अंकही निघतात. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला तेव्हापासून जाहिरात या व्यवहाराचा भाग आहे, आणि त्यात काही वावगे नाही. पण जाहिरातीने खर्च निघाला की प्रती विकण्याची गरज उरत नाही, आणि गरज नसलेली विक्री होत नाही. जाहिरातदाराला दाखवायला मोठा आकडा हवा म्हणून हजार छापल्या जातात, वाटल्या जातात, आणि पुढच्या वर्षी वाचक किती होते हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय कबूल केलेली जाहिरात आणि वसूल झालेली जाहिरात यांत अंतर असते. अंदाजपत्रकात जाहिरातीची रक्कम धरायचीच असेल तर छपाईच्या दिवशी जमा असलेली तेवढीच धरावी.

पुरावा कुठून आणायचा? मराठीत याची दोन ठळक उदाहरणे आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ च्या सुमारास ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला, तेव्हा मर्यादित कंपनी काढून भांडवल उभे केले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले. तेवीस खंडांचे काम दशकभराच्या वर चालूनही पुरे झाले, त्यात वर्गणीदारांचा वाटा मोठा होता. दुसरे उदाहरण ‘ग्रंथाली’चे. १९७० च्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या या वाचक चळवळीने सभासदांचे पैसे आधी घेऊन त्यांना सवलतीत पुस्तके दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये तिच्याकडूनच आले. अनोळखी लेखकाची, रूढ चौकटीत न बसणारी पुस्तके छापण्याचे धाडस त्यामागच्या आगाऊ पैशाने शक्य केले, असा माझा निष्कर्ष आहे.

सावद्याच्या पुस्तकासाठी याचाच लहान प्रकार म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत. अडीचशेचे पुस्तक एकशे ऐंशीला, पण पैसे आज. पावती पुस्तक छापावे आणि ते सावदा, फैजपूर, रावेर, यावल, भुसावळमध्ये, तसेच पुण्या-मुंबईला आणि सुरतेला गेलेल्या कुटुंबांत फिरवावे. दोन महिन्यांत दोनशे पावत्या फाटल्या तर छत्तीस हजार रुपये हाती येतात; मांडणीचा आणि कागदाचा खर्च त्यात निघतोच, छपाईचाही बराच भाग निघतो. ‘नक्की घेऊ’ असे सांगणाऱ्यांची यादी पुरावा म्हणून धरू नये. तोंडी होकार समारंभाच्या मांडवात विरतो, पावती विरत नाही. दोनशेपर्यंत पोचलात तर पाचशे छापा. चारशे ओलांडलेत तर हजाराचा विचार करायला आधार मिळाला. पन्नासच्या आत अडलात तर डिजिटलवर शंभर काढा आणि पुस्तक वाचकांपुढे तर आणा.

बाहेरगावच्या वर्गणीदारांना प्रत पाठवताना पहिल्या निर्णयाचा, म्हणजे कागदाचा, परिणाम पुन्हा समोर येतो. डाकखात्याची छापील पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची रजिस्टर्ड बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिचा पहिला टप्पा तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांचा आहे. नियतकालिके आणि जाहिरातींची प्रकाशने तिच्यात बसत नाहीत, हे जाहिरातींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपले पुस्तक अटींत बसते का, हे पोस्टात आधी विचारून घ्यावे. सत्तर जीएसएमच्या कागदावरची आपली प्रत मुखपृष्ठासह एकशे नव्वद ग्रॅमच्या आसपास भरते, वेष्टनासह पहिल्या टप्प्यात सहज बसते. फोटो चांगले दिसावेत म्हणून सगळे पुस्तक एकशे तीस जीएसएमच्या आर्ट पेपरवर छापले तर तीच प्रत तीनशे ग्रॅम ओलांडते. म्हणून फोटो आठ-सोळा पानांत एकत्र करून तेवढाच आर्ट पेपर वापरावा. त्रैमासिक किंवा वार्षिक काढणाऱ्यांची अडचण निराळी आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राची काही पैशांची टपाल सवलत मिळते ती एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतर न ठेवणाऱ्या आणि किमान पन्नास खरे वर्गणीदार असणाऱ्या नियतकालिकाला. दिवाळी अंकाला ती नाही.

एक कर मात्र टळत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण म्हणूनच कागदावर आणि छपाईवर भरलेला जीएसटी प्रकाशकाला परत मिळत नाही. तो खर्चातच जातो. कागदावरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून अठरा टक्के झाला. कोटेशन करासह आहे की कराविना, हे विचारल्याशिवाय दोन छापखान्यांची तुलना करू नये.

दुसऱ्या आवृत्तीचा तेहतीस हजारांचा हिशेब एकाच अटीवर खरा आहे. अंतिम पीडीएफ, मांडणीची मूळ फाइल, वापरलेले फाँट आणि मुखपृष्ठाची फाइल मंडळाच्या ताब्यात हवी. काम देतानाच ते लेखी ठरवा, आणि पहिल्या आवृत्तीचे शेवटचे पैसे चुकते करण्याआधी या फाइली दोन ठिकाणी उतरवून घ्या.